ऐंशी घरांचा निरोप

मला थोडक्यात बोलता येत नाही. आमच्या घरात कुणालाच येत नाही. माझी आई बसथांब्यावर अनोळखी बाईला वेळ विचारायला जायची आणि तिच्या नणंदेची बाळंतपणं ऐकून परत यायची. तिचीच मी मुलगी. त्यामुळे सत्त्याण्णव सालच्या श्रावणात गंगाधर डॉक्टर म्हणाले, "पद्मा, यापुढं पेशंटला निरोप ऐंशी अक्षरांत द्यायचा," तेव्हा मला वाटलं, यांनी मला नोकरीवरून काढायची सभ्य वाट शोधली.

आमचा दवाखाना सांगलीत, छातीच्या विकारांचा. पाटीवर तसं लिहिलेलं, पण येणारे निम्मे टीबीचे. टीबीचं औषध सहा महिने घ्यावं लागतं, आणि दोन महिन्यांत माणसाला इतकं बरं वाटतं, की तो गोळ्या ठेवून देतो आणि शेतात जातो. मग वर्षाने परत येतो तेव्हा त्याच गोळ्या त्याला लागू पडत नाहीत. डॉक्टरांनी अशी माणसं जाताना पाहिली होती. मी पोस्टकार्डं पाठवायचे, ती तारीख उलटून गेल्यावर पोहोचायची. म्हणून त्यांनी तीन पेजर घेतले आणि पलूस, कुंडल अशा ठिकाणी दूध डेअरीच्या सेक्रेटरींकडे ठेवले. डेअरीत रोज दोन वेळा अख्खा गाव येतो, निरोप पोहोचणारच, असा हिशोब.

पद्धत सोपी होती. मी पेजर कंपनीच्या केंद्रावर फोन करायचा. तिथली भार्गवी माझा मजकूर इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत टाइप करायची, मला परत वाचून दाखवायची, आणि पाच मिनिटांत कुंडलला डबी वाजायची. डबीच्या पडद्यावर चार ओळी, ओळीत वीस अक्षरं. मोकळी जागा धरून ऐंशी. एक्याऐंशीवं अक्षर कंपनी सरळ टाकून द्यायची. आणि डबीवरून उलट काही विचारता यायचं नाही.

माझा पहिला निरोप कुंडलच्या साळूबाईंना होता. मी सांगितलं, "आदरणीय साळूबाई यांस सप्रेम नमस्कार. आपणांस कळविण्यात येते की आपण येत्या गुरुवारी..." भार्गवीने मध्येच थांबवलं. "ताई, तुमचे ऐंशी 'येत्या गुर' वर संपले. पाठवू?"

"पाठवू काय! त्यात सांगितलंय काय?"

"नमस्कार सांगितलाय," ती म्हणाली.

मला राग आला, आणि राग आला की मी कामाला लागते. जुन्या केसपेपरच्या पाठीवर पट्टीने घरं आखली, चार आडव्या रांगा, रांगेत वीस घरं, आणि पेन्सिलीने इंग्रजी अक्षरं भरत बसले. आठवड्याभरात शहाणी झाले. नमस्कार गेला, 'आपण' गेलं, 'कृपया' गेलं. आधी नाव, मग काय करायचं, मग कधी. एका निरोपात एकच काम. 'उद्या' कधीच लिहायचं नाही, कारण निरोप हातात पडेपर्यंत उद्याचा आज झालेला असतो. वार आणि तारीख दोन्ही लिहायच्या, म्हणजे एक चुकली तर दुसरी सावरते. '८ वाजता' नाही, 'सकाळी ८'. औषधाची इंग्रजी नावं तर अजिबात नकोत, गोळीचा रंग लिहायचा. 'साळूबाई: लाल कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी. लघवी लाल होईल, घाबरू नका.' हे बसलं त्या दिवशी मी पेढे वाटायचीच बाकी होते.

आणि गुण आला की! साळूबाई, जी बाई आठवड्यातून तीन वार गोळी विसरायची, ती एकही दिवस चुकेना. तपासणीला आली तेव्हा मी विचारलं, "आता कसं लक्षात राहतं हो?"

"आवं, इसरू कशी? समदं गाव इचारतंय, साळू, लघवी लाल झाली का?" ती म्हणाली.

मी हसले. बायका बोलतात तसं बोलली असेल, असं समजले. तिथंच मी थांबून विचारायला हवं होतं, पण कौतुक पोटभर खाल्लं की माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

कुंडलचीच राजनंदिनी आमच्याकडे जुलैत आली. वीस वर्षांची, डी.एड. करणारी, नीटनेटकी पोर. गोळ्यांची पाकिटं वहीत लावून ठेवायची, घेतली की त्यावर खूण. तीन महिन्यांत तिचं पाच किलो वजन वाढलं. ऑक्टोबरात येऊन लाजत सांगून गेली, की कोरेगावच्या वीरधवलशी लग्न ठरलंय, तो पलटणीत आहे, डिसेंबरात तारीख आहे. "त्यांना गोळ्यांचं सांगितलंस का?" मी विचारलं. "बाबा म्हणतात, संपत आल्यात, कशाला?" ती म्हणाली. मी पुढचा पेशंट बोलावला. तो माझा प्रश्न नव्हता.

नोव्हेंबरात तिची चौथ्या महिन्याची तपासणी होती. कुंडलमध्ये राजनंदिनी नावाच्या दोन मुली आमच्या पेशंट, म्हणून घोटाळा नको म्हणून मी वडिलांचंही नाव घातलं. सकाळचा बेडका डबीत आणायला ती मागच्या खेपेला विसरली होती, म्हणून तेही घातलं. 'राजनंदिनी नाथाजी: बुध १२ सकाळी ९ सांगली दवाखाना. सकाळचा बेडका डबीत आणा'. इंग्रजी अक्षरं मोजली, बरोबर ऐंशी. एक घर रिकामं नाही, एक शब्द फुकट नाही. मी ती चौकट डॉक्टरांना नेऊन दाखवली. तेही म्हणाले, "वा!"

बुधवारी राजनंदिनी आली नाही.

शुक्रवारी तिचे वडील आले. नाथाजी उंच, पांढरा फेटा, हातात पिशवी नाही की काही नाही. बाकावर बसले नाहीत. माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमीच का ती निरोप लिवणारी बाई?"

"हो."

"लय चांगलं लिवता. गावात एकालाबी कळायचं ऱ्हायलं न्हाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कुंडलच्या डेअरीत एक नेम होता. पेंडीच्या गाडीची वर्दी असो, जनावरांच्या डॉक्टरची फेरी असो, डेअरीत आलेला कुठलाही निरोप संध्याकाळच्या दुधाला भोंग्यावर सांगायचा. सेक्रेटरी नानासो पेजरवर आलेलं तसंच्या तसं भोंग्यावर वाचायचा, तेही दोनदा. सोमवारी संध्याकाळी 'राजनंदिनी नाथाजी' आणि 'बेडका' हे दोन शब्द अख्ख्या कुंडलवर दोनदा गेले. रांगेत वीरधवलची मावळण, म्हणजे आत्या, दूध घालायला उभी होती.

"मंगळवारी कोरेगावास्नं माणूस आला, सोयरीक मोडली म्हून सांगून गेला," नाथाजी म्हणाले. "पोरगी तवापास्नं खोलीतनं भाईर न्हाई. गोळ्या फडताळात टाकल्यात. म्हणती, आता घेऊन कुणाला दावायच्यात?"

"पण काका, गोळ्या थांबवून चालणार नाही. दोनच महिने राहिलेत..."

"तुमी आता काय बी लिवू नका," ते म्हणाले आणि गेले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

मी लगेच डेअरीत फोन लावला आणि नानासोला वाट्टेल ते बोलले. तो बिचारा गोंधळून गेला. "आवं ताई, तुमीच लिवलेलं वाचलं की. चोरून काय ठिवायचं हुतं तर डबी डेअरीत कशाला ठिवली?" त्या दिवसापासून भोंगा बंद, निरोप घरी जाऊन द्यायचा, असं मी त्याच्याकडून वदवून घेतलं. पण बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. डॉक्टर राजनंदिनीच्या घरी जाऊन आले, त्यांना चहा मिळाला, राजनंदिनी मिळाली नाही. मी रात्री जेवले नाही. स्पष्ट लिहायच्या नादात मी एका पोरीचा आजार चव्हाट्यावर मांडला होता. वाक्य कुणासमोर वाचलं जाणार, हे न विचारता मी फक्त घरं मोजत बसले होते.

सोमवारी, सतरा तारखेला दुपारी, एक तरुण दवाखान्यात आला. केस बारीक, पाठ ताठ, हातात लष्करी ट्रंक. नंबर लावायला सांगितला तर म्हणाला, "मी पेशंट नाही. मी वीरधवल, कोरेगावचा." मी खुर्चीवरून उठलेच.

तो डॉक्टरांना भेटला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "माझ्या कुठल्या पेशंटबद्दल मी बोलणार नाही. आजाराबद्दल विचारा." त्याने विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, की नेमाने गोळ्या घेणाऱ्याचा टीबी साधारण काही आठवड्यांत पसरायचा थांबतो, सहा महिने पुरे केले की बहुतेक माणूस पूर्ण बरा होतो, लग्न करतो, पोरंबाळं होतात. आणि अर्धवट सोडला तर काय होतं, तेही सांगितलं. वीरधवल म्हणाला, "हे मला माहीत आहे, साहेब. आमच्या पलटणीतला एक गडी टीबीनं हॉस्पिटलात गेला हुता, बरा होऊन परत आला. माझ्याच बंकरमधी झोपतो. सोयरीक माझ्या काकांनी मोडली, त्यांना सांगून बघितलं, ते ऐकत न्हाईत. तिच्या घरी गेलो, तर नाथाजी म्हणाले, सोयरीक तुमच्याकडनं मोडली, आता कशाला आलाय. संध्याकाळी मिरजेतनं माझी गाडी हाय. तिला एक निरोप द्यायचाय."

त्याने ट्रंकेवर ठेवून लिहिलेली तीन पानं माझ्यापुढे केली. मी वाचली. चांगली लिहिली होती, खरं सांगते. पण तीन पानं म्हणजे हजारावर अक्षरं.

"पत्र पोस्टात टाका की," मी म्हटलं.

"पोस्टाचं पत्र नाथाजी फाडतील. आन् गोळ्या आज बंद हायत, ताई, पत्र शुक्रवारी पोचंल."

खरं होतं. मी नव्या केसपेपरची पाठ काढली आणि घरं आखली. आधी मी माझी हुशारी लढवली. नाव घालायचंच नाही. आमच्या वहीतला तिचा नंबर घालू, किंवा 'डी.एड.च्या बाई' असं काहीतरी, नानासो गुपचूप घरी नेऊन देईल. पोळलेलं तोंड ताकही फुंकून पितं.

वीरधवल म्हणाला, "नाव घाला. आन् भोंग्यावर वाचायला लावा."

"शुद्धीवर आहात का? भोंग्यानंच तर हे सगळं झालं!"

"म्हणूनच. भोंग्यावर तिचं नाव गेलं, तवा गावानं ऐकलं. आता मी नाव लपवलं, तर गाव म्हणंल, यालाबी लाज वाटती. आन् तीबी तसंच समजंल."

मी पेन्सिल खाली ठेवली. हा पंचवीस वर्षांचा पोरगा मला माझं काम शिकवत होता आणि बरोबर शिकवत होता. मग आम्ही कामाला बसलो. वडिलांचं नाव गाळलं, खाली वीरधवलचं असलं की दोघींतली कुठली राजनंदिनी ते गावाला कळणारच होतं.

त्याच्या तीन पानांत सात वेळा 'काळजी घे' होतं. मी म्हटलं, "काळजी म्हणजे नक्की काय घ्यायचं? किती वाजता? उपाशी की जेवून?" तो हसला. ते खोडून 'रोज सकाळी गोळ्या घे' लिहिलं. 'डोंगराएवढं संकट आलं तरी' खोडलं. 'तुझ्याविना' खोडलं, तेव्हा त्याचा चेहरा बघवेना, पण दहा घरं मोकळी झाली. तपासणी राहिली होतीच, ती घालणं मला भाग होतं. डॉक्टर बुधवारी, एकोणीसला या म्हणत होते. शेवटी त्याच्या मनातलं लिहायला बारा घरं राखून मोजलं तर एक्याऐंशी. मी आत गेले.

"डॉक्टर, बुधवारऐवजी सोमवार चालेल? चोवीस तारीख?"

"का?"

"एक अक्षर वाचतं. इंग्रजीत 'बुध'ला चार घरं लागतात, 'सोम'ला तीन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाहेर बसलेल्या वीरधवलकडे. "गोळ्या आज सुरू होणं महत्त्वाचं. घरात जास्तीच्या दिलेल्या आहेत. तपासणी पाच दिवस उशिरा झाली तर चालेल," ते म्हणाले.

'सकाळी ९' ला जागा उरली नाही. ते मी नाइलाजाने सोडलं. शेवटी दहा-बारा घरं राहिली आणि त्याला ज्यासाठी तीन पानं लिहावी लागली होती ते त्यात बसवायचं होतं. 'लग्न मोडलं नाही' बसेना. 'तारीख पुढं ढकलू' बसेना. मग पेन्सिल माझ्या हातून घेऊन त्याने स्वतःच दोन शब्द भरले.

मी भार्गवीला फोन केला. तिने टाइप केलं आणि नेहमीसारखं परत वाचून दाखवलं:

'राजनंदिनी: रोज सकाळी गोळ्या घे. सोम २४ सांगली दवाखाना. मी थांबतो. वीरधवल'

"ताई, ऐंशी झाले. शेवटचा पूर्णविराम बसत नाही," ती म्हणाली. तिचाही आवाज जरा वेगळा वाटला.

"नको. तसंच जाऊ दे."

मग डेअरीत फोन. नानासो आता शहाणा झाला होता. "न्हाई ताई, भोंग्यावर न्हाई वाचणार. तुमीच आण घातलीया." त्याला पटवायला मला निरोप लिहायला लागला तेवढाच वेळ लागला. शेवटी, ज्याचा निरोप त्यानेच फोनवर सांगितलं, "नानासो, मी वीरधवल बोलतोय. वाचा," तेव्हा तो तयार झाला. दुधाची वेळ झालीच होती. "फोन असाच ठिवतो, तुमी ऐका," तो म्हणाला.

मी रिसीव्हर आमच्या दोघांच्या मधे धरला. आधी कॅनचा खडखडाट, बायकांचा गलका, कुणीतरी कुणाच्या तरी म्हशीला नावं ठेवत होतं. मग भोंगा खरखरला. नानासोने पहिल्यांदा सांगितलं, की पेंडीची गाडी गुरुवारी येणार. नेम म्हणजे नेम. मग घसा खाकरला आणि निरोप वाचला. सावकाश, एकेक शब्द सोडवत. 'मी थांबतो' पाशी गलका थांबला. मग त्याने तो दुसऱ्यांदा वाचला, आणि 'वीरधवल' च्या पुढे स्वतःच्या पदरचं 'कोरेगावकर, मिलिटरी' जोडलं. ऐंशीची अट त्याला नव्हती.

नंतर काहीच आवाज नाही. वीरधवल ट्रंक हातात घेऊन घड्याळ बघत होता. गाडी सुटायला तास राहिला होता आणि मिरजेपर्यंत जायचं होतं. मी म्हटलं, "जा तुम्ही, मी ठेवते धरून." तो हलला नाही. कॅनचा आवाज परत सुरू झाला. दहा मिनिटं गेली असतील. माझा हात भरून आला, पण मी रिसीव्हर ठेवला नाही.

मग कुणीतरी फोन उचलल्याचा आवाज झाला. मला वाटलं नानासो. पण दमल्यासारखा श्वास ऐकू आला, घरापासून डेअरीपर्यंत चालत आलेल्या माणसाचा.

"निरोप लिवणाऱ्या बाई हायत का?" नाथाजी होते.

"हो काका, मीच."

मागे कुणी पोरगी रडत होती की हसत होती, मला नीट कळलं नाही.

"सोमवारी किती वाजता यायचं?" ते म्हणाले. "त्ये तुमी लिवलंच न्हाई. आन् त्यो बेडका डबीत आणायचा न्हवं?"

मला बोलता येईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वीरधवलने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ट्रंक खाली ठेवली.

"सकाळी नऊ वाजता, काका," मी म्हटलं. "हो, डबीत."